चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे

‘बिग बक बनी’ हा एका गलेलठ्ठ सशाचा छोटा ॲनिमेशनपट. ब्लेंडर फाउंडेशनने तो २००८ मध्ये तयार केला आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना खुला करून टाकला. त्यामुळे व्हिडिओच्या बाबतीत काहीही तपासून पाहायचं असलं, की जगभरचे तंत्रज्ञ आधी या सशालाच पुढे करतात. लांबी ९ मिनिटं ५६ सेकंद. आपणही त्यालाच हाताशी धरू. समजा, `yt-dlp` सारख्या एखाद्या प्रोग्रॅमने हा सिनेमा १०८० दर्जात उतरवून घेतला. फोल्डर उघडून पाहावं तर एकाऐवजी दोन फायली. एकीच्या नावात `f137` आणि शेवटी `.mp4`, दुसरीच्या नावात `f140` आणि शेवटी `.m4a`. पहिली लावली की ससा बिळातून बाहेर येतो, आळोखेपिळोखे देतो, पण सगळं चिडीचूप. दुसरी लावली की संगीत, पक्षी, सगळं ऐकू येतं आणि पडदा मात्र कोरा.

बहुतेक जण इथे ‘फाइल खराब आली’ असं म्हणून पुन्हा डाउनलोड करतात. पुन्हा तेच. खरं तर दोन्ही फायली ठणठणीत असतात, आणि काय घडलं हे प्रोग्रॅमने जाता जाता सांगितलेलंही असतं. ती ओळ आपण वाचलेली नसते, एवढंच.

```
WARNING: You have requested merging of multiple formats
but ffmpeg is not installed. The formats won't be merged
```

म्हणजे चित्र आणि आवाज मुळातच वेगवेगळे आले. ते एकत्र करायचे होते, पण एकत्र करणारं अवजार या यंत्रावर नव्हतं. ते अवजार कोणतं आणि कसं वापरायचं हे पुढे येईलच. आधी हे पाहू, की सर्व्हरवर या दोघांना वेगळं ठेवण्याची गरज का पडली असावी.

चित्र आणि आवाज वेगळे असणं ही इंटरनेटची देणगी नव्हे. फिल्मच्या जमान्यात कॅमेरा चित्र टिपायचा आणि आवाज स्वतंत्र यंत्रावर नोंदला जायचा. शॉटच्या सुरुवातीला वाजणारी ती क्लॅपची पाटी त्यासाठीच. फळी आपटल्याची फ्रेम आणि ‘ठक्’ हा आवाज एका रेषेत आणला, की पुढचं सगळं जुळतं. संकलन पुरं झाल्यावरसुद्धा लॅबमध्ये चित्राची निगेटिव्ह वेगळी आणि आवाजाची वेगळी असे. थिएटरला जाणाऱ्या प्रिंटवर ती दोन्ही पहिल्यांदा एकत्र यायची. तिला धंद्यात मॅरिड प्रिंट म्हणत. गंमत अशी, की त्या प्रिंटवरही आवाज आपल्या चित्राच्या शेजारी नसायचा. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर तो वीस-एकवीस फ्रेम पुढे छापलेला असे. कारण साधं होतं. प्रोजेक्टरमध्ये चित्र झटक्याझटक्याने सरकतं, प्रत्येक फ्रेम क्षणभर थांबावीच लागते. आवाजाची पट्टी मात्र एकसारख्या वेगाने सरकायला हवी, नाहीतर सूर थरथरतो. दोन कामं एका जागी होणं शक्य नाही, म्हणून आवाज वाचणारा भाग काही अंतरावर बसवलेला.

चित्र झटक्याने चालतं आणि आवाज अखंड वाहतो, ही अडचण डिजिटल जमान्यात गेली नाही. फक्त आता ती आकड्यांत दिसते.

आपला ससा सेकंदाला २४ फ्रेमनी धावतो. म्हणजे एक फ्रेम सुमारे ४१.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते. आवाजाचं मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेलं आहे, आणि एएसी ही दाबून साठवण्याची पद्धत त्यातली १,०२४ मापं एका पॅकेटात बांधते. एक पॅकेट झालं सुमारे २३.२ मिलिसेकंदांचं. आता या दोन मापांचं जमतं का ते पाहा. एका फ्रेममध्ये पावणेदोनपेक्षा थोडी जास्त पॅकेटं बसतात. दोन फ्रेममध्येही पूर्ण पॅकेटं बसत नाहीत, दहामध्येही नाहीत. गणित मांडलं तर सुरुवातीनंतर फ्रेमची हद्द आणि पॅकेटची हद्द पहिल्यांदा एकमेकांवर येते ती २,०४८ फ्रेम आणि ३,६७५ पॅकेटं झाल्यावर, म्हणजे ८५ सेकंदांहून किंचित उशिरा. जवळजवळ दहा मिनिटांच्या सिनेमात असा योग सुरुवात सोडली तर जेमतेम सहा वेळा येतो.

त्यामुळे ‘ही फ्रेम, हा तिचा आवाज’ अशी जोडी बांधून ठेवण्याची सोयच नाही. त्याऐवजी प्रत्येक फ्रेमवर आणि प्रत्येक पॅकेटवर स्वतंत्रपणे वेळ लिहिलेली असते: मला अमुक क्षणी दाखव, मला तमुक क्षणी वाजव. प्लेअर एक घड्याळ चालू करतो आणि ज्याची वेळ झाली त्याला पुढे करतो. चित्र आणि आवाजातलं नातं म्हणाल तर एवढंच आहे, एकच घड्याळ. ओढाताण झाली आणि संगणक मागे पडू लागला, तर बहुतेक प्लेअर आवाजाचं घड्याळ प्रमाण मानतात आणि चित्राची एखादी फ्रेम गाळून टाकतात. गाळलेली फ्रेम डोळ्याला सहसा कळत नाही. कानाला मात्र सलग आवाजातली दोन-तीन मिलिसेकंदांची फटसुद्धा जाणवू शकते. फट नाही तरी ‘टक्’ असा खटका तरी येतोच.

आता सर्व्हरच्या बाजूने पाहू. सुरुवातीच्या काळात ऑनलाइन व्हिडिओ म्हणजे एक सरळसोट फाइल असे. चित्र-आवाज आत एकत्र, आणि ती डोक्यापासून शेपटीपर्यंत उतरायची. नेट मंदावलं की ते गोल फिरणारं चाक बघत बसा. यावर उपाय निघाला तो असा, की सिनेमा दोन ते दहा सेकंदांच्या तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत तयार ठेवायचा आणि पाहणाऱ्याच्या नेटच्या वेगानुसार पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा हे प्लेअरने ठरवायचं. ॲपलने २००९ मध्ये यासाठी एचएलएस आणलं. २०१२ मध्ये डॅश नावाचं आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झालं. लोकल बोगद्यात शिरली की मोबाइलवरचं चित्र धुरकट होतं आणि बाहेर पडल्यावर पुन्हा लख्ख होतं, पण गाणं तुटत नाही, ते यामुळे.

‘गाणं तुटत नाही’ हे आपोआप घडत नाही. समजा चित्राचा तुकडा बरोबर दोन सेकंदांचा कापला. त्यात ४८ फ्रेम आल्या, काम नीटनेटकं झालं. त्याच दोन सेकंदांत आवाजाची पॅकेटं किती? ८६ आणि वर थोडी, पूर्ण नाहीतच. आवाज चित्राला बांधलेला असेल तर दर दोन सेकंदांनी हे अर्धवट पॅकेट या तुकड्यात घालायचं की पुढच्या, हा प्रश्न येतो. त्यात मध्येच ३६० दर्जावरून ७२० वर उडी मारायची असेल तर एका मालिकेतलं आवाजाचं शेवटचं पॅकेट आणि दुसऱ्या मालिकेतलं पहिलं नीट सांधलं गेलंच पाहिजे. हे करता येतं, पण फार सांभाळावं लागतं. आवाज वेगळा ठेवला की तो आपल्या पॅकेटांच्या हद्दीवर कापता येतो. चित्र हवं तितक्या वेळा दर्जा बदलो, आवाजाचा धागा सलग राहतो.

दुसरं कारण हिशेबाचं. चित्राच्या सहा पायऱ्या धरा: १४४, २४०, ३६०, ४८०, ७२०, १०८०. आवाज तीन भाषांत आणि प्रत्येक भाषेत दोन दर्जांत असेल तर तेही सहा. सगळ्या जोड्या आधीच बांधून ठेवायच्या तर ३६ फायली लागतील. वेगवेगळे ठेवले तर बारा. आणि वजनाचा मोठा वाटा चित्राचा असतो हे लक्षात घ्या. आपल्या सशाचं चित्र सेकंदाला तीस लाख बिट या वेगाने साठवलं असेल तर ते सुमारे २२३ एमबी होतं. १२८ केबीपीएसचा आवाज फक्त साडेनऊ एमबी. एक मराठी डबिंग जोडायचं म्हणून २२३ एमबीचं चित्र पुन्हा पुन्हा साठवणं कोणाला परवडेल? शिवाय ज्याला पडदा बंद करून नुसतं कीर्तन ऐकायचं आहे त्याला चित्र पाठवून त्याचा डेटा खाण्यात अर्थ नाही.

ब्राउझरमध्ये हे वेगळेपण आपल्याला कधीच दिसत नाही, कारण तिथला प्लेअर दोन्हीकडचे तुकडे मागवून एकाच घड्याळावर चालवतो. डाउनलोड करणारा प्रोग्रॅम मात्र सर्व्हरवर जे जसं आहे तसं आणतो. कमी दर्जात अनेकदा जुन्या पद्धतीची एकत्र फाइलही ठेवलेली असते. ‘३६० घेतलं तर आवाज येतो, १०८० घेतलं तर जातो’ या तक्रारीचं मूळ तिथे आहे.

आता जोडणी. जोडणं म्हणजे काय होतं हे समजलं की पुढच्या निम्म्या अडचणी टळतात. चित्राची फाइल संपली की तिच्या शेपटीला आवाजाची फाइल चिकटवून चालणार नाही. पंगतीत सगळ्यांना आधी पोटभर भात वाढला आणि तासाभराने वरण आणलं तर जे होईल तेच इथे होईल. प्लेअर फाइल पुढेपुढे वाचत जातो, त्याला आत्ताची फ्रेम आणि आत्ताचा आवाज जवळजवळ मिळायला हवेत. म्हणून जोडणारा प्रोग्रॅम दोन्हीकडच्या वेळा पाहतो आणि थोड्या फ्रेम, थोडी पॅकेटं, पुन्हा थोड्या फ्रेम असं आळीपाळीने मांडत जातो. शिवाय एक सूची बनवतो: कोणती फ्रेम फाइलमध्ये कितव्या बाइटपासून सुरू होते, केवढी आहे, कधी दाखवायची. ही मांडणी आणि ही सूची म्हणजेच कंटेनर. `.mp4`, `.mkv`, `.webm` ही कंटेनरची नावं. आतला माल कोणत्या पद्धतीने दाबून साठवला आहे ते वेगळं, त्याला कोडेक म्हणतात: एच.२६४, व्हीपी९, एएसी, ओपस वगैरे. जोडणीत कंटेनर नवा होतो. आतल्या मालाला हात लागत नाही, लागू नये.

या कामाचं सर्वांत भरवशाचं अवजार म्हणजे `ffmpeg`. फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० मध्ये ते सुरू केलं. ते फुकट आहे, आणि डझनावारी रंगीबेरंगी ‘व्हिडिओ जॉइनर’ ॲपच्या पोटात गुपचूप तेच चालत असतं. ते बसवलं की `yt-dlp` पुढच्या वेळी आपणहून जोडणी करतो आणि सुट्या फायली काढून टाकतो. आधीच उतरलेल्या दोन फायलींसाठी मात्र हाताने आज्ञा द्यावी लागते. सोयीसाठी त्यांची नावं `chitra.mp4` आणि `awaj.m4a` करू.

पहिली पायरी नुसतं डोकावण्याची. `ffmpeg` बरोबरच `ffprobe` नावाचा भाऊ येतो, तो फाइलमध्ये काय आहे ते सांगतो.

```
ffprobe -hide_banner chitra.mp4
ffprobe -hide_banner awaj.m4a
```

बाकीचा पसारा गाळला तर उत्तरातल्या कामाच्या ओळी अशा दिसतील:

```
Stream #0:0: Video: h264 (High), 1920x1080, 24 fps
Stream #0:0: Audio: aac (LC), 44100 Hz, stereo
```

पहिल्या फाइलमध्ये एकच स्ट्रीम आहे आणि ती चित्राची. म्हणजे आवाज ‘गेलेला’ नाही, तो तिथे कधी नव्हताच. याच उत्तरात `Duration` असा शब्दही दिसतो. दोन्ही फायलींत तो ९ मिनिटं ५६ सेकंदांच्या आसपास असला पाहिजे. काही मिलिसेकंदांचा फरक चालतो, पॅकेटांच्या हद्दी जुळत नसल्याने तो असणारच. एक ९ मिनिटं ५६ सेकंदांची आणि दुसरी ९ मिनिटं ३१ सेकंदांची असेल, तर डाउनलोड मध्ये तुटलं आहे. तशी फाइल जोडून काही हाती लागणार नाही.

आणि ही मुख्य आज्ञा:

```
ffmpeg -i chitra.mp4 -i awaj.m4a -map 0:v:0 -map 1:a:0 -c copy purna.mp4
```

दोन `-i` म्हणजे आत येणाऱ्या दोन फायली. संगणक शून्यापासून मोजतो, म्हणून पहिली फाइल शून्य क्रमांकाची आणि दुसरी एक क्रमांकाची. `-map 0:v:0` म्हणजे शून्य क्रमांकाच्या फाइलमधली पहिली चित्राची स्ट्रीम घे. `-map 1:a:0` म्हणजे एक क्रमांकाच्या फाइलमधली पहिली आवाजाची. या दोन सूचना वगळल्या तरी प्रोग्रॅम अंदाजाने निवड करतो आणि साध्या प्रकरणात ती बरोबरही येते. पण चित्राच्या फाइलमध्ये आधीच एखादा मुका किंवा परभाषेतला आवाज असेल तर अंदाज चुकू शकतो. स्पष्ट सांगितलेलं बरं.

सगळी मेख `-c copy` मध्ये आहे. त्याचा अर्थ: दाबलेला माल उलगडू नकोस, जसा आहे तसा उचल आणि नव्या कंटेनरमध्ये मांड. काम काही सेकंदांत होतं, कारण ते जवळजवळ फाइल कॉपी करण्याइतकंच आहे. २२३ आणि साडेनऊ एमबीतून सुमारे २३३ एमबीची फाइल तयार होते आणि दर्जा तसूभरही घटत नाही. हे दोन शब्द विसरले तर प्रोग्रॅम तक्रार करत नाही. तो चौदा हजारांहून जास्त फ्रेम एकेक करून उलगडतो आणि पुन्हा दाबतो. पंखा भणभणायला लागतो, वेळ लागतो, आणि एकदा दाबलेलं चित्र दुसऱ्यांदा दाबल्यामुळे बारीक तपशील पुसट होतात. कोणतं चाललं आहे हे पडद्यावर कळतं. नीट चाललं असेल तर अशा ओळी दिसतात:

```
Stream #0:0 -> #0:0 (copy)
Stream #1:0 -> #0:1 (copy)
```

`copy` च्या जागी `h264 (native) -> h264 (libx264)` असं काही दिसलं की `q` दाबून थांबवावं आणि आज्ञा पुन्हा तपासावी. जाहिरातींनी बरबटलेल्या ऑनलाइन ‘मर्ज’ सेवांवर माझा राग आहे तो याचसाठी. त्यातल्या पुष्कळ, फाइल वर चढवायला लावून हे अनावश्यक दाबकाम करतात, आणि तेही आपल्याला न सांगता.

काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची ज्यांना धास्ती वाटते त्यांच्यासाठी एमकेव्हीटूलनिक्स आहे. दोन्ही फायली त्यात ओढून सोडायच्या आणि जोडणीचं बटण दाबायचं. तो `.mp4` नव्हे, `.mkv` बनवतो, पण मालाला हात लावत नाही. आणि नुसतं एकदा पाहायचंच असेल तर जोडायचीही गरज नाही. व्हीएलसी दोन फायली एकत्र चालवू शकतो:

```
vlc chitra.mp4 --input-slave=awaj.m4a
```

घड्याळ एक असलं की पुरे, फाइल एक असायलाच हवी असं नाही, याचा हा सोपा पुरावा.

घोळ होतात ते मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण कंटेनर आणि कोडेक यांचं न जमणं. चित्र `.webm` आलं, आत व्हीपी९, आणि आवाज `.m4a`, आत एएसी. दोन्ही एका नव्या `.webm` मध्ये घालायला गेलं की प्रोग्रॅम साफ नकार देतो. वेबएम हे मुद्दामच आखूड ठेवलेलं कंटेनर आहे. आवाजात त्याला फक्त व्हॉर्बिस किंवा ओपस चालतो. अशा वेळी शेवटच्या नावात `.mkv` लिहावं. मात्रोस्का हे ऐसपैस कंटेनर जवळजवळ काहीही सामावून घेतं. `yt-dlp` सुद्धा अशा बेमेळ जोडीला आपणहून `.mkv` मध्येच घालतो. काही जण `.webm` चं नाव बदलून `.mp4` करतात. त्याने पाटी बदलते, दुकान तेच राहतं.

याच घोळाचा जास्त फसवा प्रकार म्हणजे ओपस आवाज `.mp4` मध्ये घालणं. मानकाप्रमाणे ते चालतं, `ffmpeg` विनातक्रार करून देतो, संगणकावर आवाजही येतो. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की पुन्हा मुका सिनेमा. फाइलमध्ये आवाज आहे, पण त्या टीव्हीला ओपस उलगडता येत नाही. इथे मात्र आवाज नव्याने दाबावा लागतो, फक्त आवाज, चित्र नाही:

```
ffmpeg -i chitra.mp4 -i awaj.webm -map 0:v:0 -map 1:a:0 -c:v copy -c:a aac -b:a 160k purna.mp4
```

दुसरं ठिकाण म्हणजे ओठ आणि शब्द यांची फारकत. ती दोन जातींची असते आणि दोघींचे उपाय वेगळे असतात, म्हणून आधी जात ओळखावी. सिनेमाच्या पहिल्या मिनिटात एखादी आदळआपट शोधा आणि शेवटच्या मिनिटात दुसरी. आवाज दोन्हीकडे सारखाच पुढे-मागे असेल तर ते स्थिर अंतर आहे. सुरुवातीला जमतंय आणि शेवटी बिघडतंय, तर वेग जुळत नाही.

स्थिर अंतर सोपं. आवाज ०.२ सेकंद आधी येत असेल तर त्याला तेवढं थांबवायचं. `-itsoffset` ही सूचना तिच्या लगेच पुढे लिहिलेल्या फाइलला लागू होते:

```
ffmpeg -i chitra.mp4 -itsoffset 0.2 -i awaj.m4a -map 0:v:0 -map 1:a:0 -c copy purna.mp4
```

किती अंतर चालतं? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची यावर १९९८ ची शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर लोकांच्या लक्षात येऊ लागतं, पण मागून येत असेल तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. हा पक्षपात का असावा याचं सयुक्तिक कारण आपल्या रोजच्या अनुभवात आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या पलीकडे, चौतीस मीटरवर कोणी चेंडू टोलवला, तर तो ‘टक्’ आपल्यापर्यंत सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोहोचतो. उशिरा येणाऱ्या आवाजाची मेंदूला सवय आहे. दिसण्याआधी ऐकू येणं निसर्गात घडतच नाही, त्यामुळे ते लगेच खटकतं.

वेगाची तफावत जास्त चिवट असते. एकाच ठिकाणाहून एकाच सिनेमाची चित्र-आवाजाची जोडी घेतली तर ती सहसा उद्भवत नाही. एका आवृत्तीच्या चित्राला दुसऱ्या आवृत्तीचा, म्हणजे टीव्हीवरच्या डबिंगचा आवाज जोडायला गेलं की ती हमखास येते. सिनेमा २४ फ्रेमचा, आणि भारतात व युरोपात चालत आलेली जुनी टीव्हीची पद्धत २५ फ्रेमची. टीव्हीसाठी सिनेमा चार टक्के जास्त वेगाने पळवण्याची रीत होती. आपला ५९६ सेकंदांचा ससा त्या हिशेबाने ५७२ सेकंदांत संपतो आणि शेवटी आवाज चोवीस सेकंद पुढे गेलेला असतो. ते निदान ताबडतोब कळतं. लबाड प्रकार २४ आणि २३.९७६ यांचा. हा फरक हजारात एकाचा. पहिली दोन-तीन मिनिटं पाहून कोणी म्हणेल, छान जमलंय. दहाव्या मिनिटाला अंतर ०.६ सेकंदांवर गेलेलं असतं. इथे आवाज थोडा ताणावा किंवा आवळावा लागतो. आवाज चित्रापेक्षा ०.६ सेकंद लांब असेल तर असा:

```
ffmpeg -i chitra.mp4 -i awaj.m4a -map 0:v:0 -map 1:a:0 -c:v copy -filter:a atempo=1.001 -c:a aac purna.mp4
```

`-c copy` इथे चालणार नाही. आवाजाची लांबी बदलायची तर तो उलगडून पुन्हा दाबण्याला पर्याय नाही. चित्राला तरीही हात लावायचा नाही.

काही फायली मात्र कोणत्याही आज्ञेने जुळत नाहीत. पैसे भरून पाहायच्या ओटीटी सेवांचे तुकडे कुलूपबंद केलेले असतात. वेळा वाचता येतात, माल वाचता येत नाही. जोडणी झाली तरी पडद्यावर कचरा दिसतो. ते कुलूप फोडणं हा जोडणीचा विषय नव्हे, आणि भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ६५-अ कलमाखाली हक्कभंगाच्या हेतूने तसं करणं गुन्हा आहे. सशासारख्या खुल्या सिनेमाची किंवा स्वतःच चढवलेल्या भाषणाची गोष्ट वेगळी. तिथेही संकेतस्थळाच्या डाउनलोडविषयीच्या अटी परवान्याहून निराळ्या असू शकतात. ‘बिग बक बनी’ तर निर्मात्यांनी थेट डाउनलोडसाठीही ठेवलेला आहे.

जोडणी चालू असताना लॅपटॉप बंद पडला तर अर्धवट `.mp4` उघडत नाही, `moov atom not found` अशी तक्रार येते. मघाची ती सूची `.mp4` मध्ये सर्वांत शेवटी लिहिली जाते, आणि तीच राहून गेलेली असते. अशा फाइलशी झटापट करण्यापेक्षा मूळ दोन फायलींवर आज्ञा पुन्हा चालवणं सोपं, अर्थात त्या जागेवर असतील तर. म्हणून `purna.mp4` वर एकदा `ffprobe` चालवून चित्र आणि आवाज अशा दोन्ही स्ट्रीम दिसतात का, लांबी बरोबर आहे का, हे पाहावं. मग सुरुवात, मध्य आणि शेवट असं तीन ठिकाणी थोडं थोडं चालवून ऐकावं. सुट्या फायली त्यानंतर पुसाव्यात.